सिस्टर ते अ‍ॅडमिन: रिझ्युमेच्या वरच्या चार ओळी कशा लिहायच्या

मी अकरा वर्षं वॉर्डात काढली आणि आता पुण्यात एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन्समध्ये आहे, त्यामुळे फ्लोअर कोऑर्डिनेटर, क्वालिटी एक्झिक्युटिव्ह वगैरे जागा निघाल्या की आलेले रिझ्युमे चाळायला माझ्याकडेही येतात. त्यात नर्सिंगमधून आलेले भरपूर असतात आणि दहातल्या आठांच्या सुरुवातीला एकच वाक्य असतं: डेडिकेटेड, हार्डवर्किंग, कंपॅशनेट नर्स, अमुक वर्षांचा अनुभव, चॅलेंजिंग पोझिशनच्या शोधात. खाली कॅन्युलेशन, रायल्स ट्यूब, कॅथेटर, ईसीजी अशी यादी. हे वाचून मला कळतं की बाई चांगली नर्स आहे, पण मला तर नर्स नकोय ना, मला मजला चालवणारी व्यक्ती हवीये. आणि गंमत म्हणजे तीच बाई गेली तीन वर्षं रोज मजलाच चालवत असते, फक्त तिने ते कुठे लिहिलेलं नसतं.

तर हे सगळं फक्त त्या वरच्या चार ओळींबद्दल आहे, ज्याला प्रोफेशनल समरी म्हणतात. आणि हे खाजगी हॉस्पिटलसाठी आहे हेही आधीच सांगते. सरकारीत अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग पुढे अधिसेविका अशी शिडी ठरलेली आहे आणि ती सेवाज्येष्ठतेवर चालते, तिथे समरी कोणी वाचत नाही.

पायरी 1: आधी जागा ठरवा, मग लिहा

"हॉस्पिटल अ‍ॅडमिन" असा एकच जॉब नसतो. फ्लोअर किंवा आयपीडी कोऑर्डिनेटरला बेड लवकर रिकामे करून हवे असतात. क्वालिटीवाल्यांना ऑडिट, इन्सिडेंट फॉर्म, एनएबीएचची कागदपत्रं सांभाळणारा माणूस हवा असतो. इन्शुरन्स डेस्कला केस पेपर वाचून टीपीएच्या क्वेरीला उत्तर देता येणारी नर्स सोन्यासारखी वाटते. नर्सिंग सुपरवायझरसाठी रोस्टर आणि माणसं. एकच समरी चारही ठिकाणी पाठवली तर ती चारही ठिकाणी अर्धवट वाटते.

म्हणून जाहिरात प्रिंट काढा किंवा वहीत उतरवून घ्या आणि त्यातल्या क्रियापदांखाली रेघा मारा. "कोऑर्डिनेट विथ बिलिंग", "मॉनिटर डिस्चार्ज टॅट", "हँडल पेशंट ग्रिव्हन्सेस". टॅट म्हणजे टर्नअराउंड टाइम, एखादं काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत लागलेला वेळ. या तीन-चार रेघा म्हणजे तुमच्या समरीचा सांगाडा, कारण पहिली चाळणी एचआरची असते आणि तिथे बसलेला मुलगा बहुतेक वेळा मेडिकलचा नसतो, तो जाहिरातीतले शब्द तुमच्या कागदावर शोधतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो.

मी इथे फ्लोअर कोऑर्डिनेटरची जागा धरून चालते, कारण वॉर्डातून बाहेर पडणाऱ्या सिस्टरला पहिली उडी बऱ्याचदा इथेच मिळते.

पायरी 2: एका ड्युटीची कच्ची यादी

रिझ्युमे उघडू नका. साधी वही घ्या आणि तुमची शेवटची एक मॉर्निंग ड्युटी आठवून तासातासाने लिहा, लाजायचं नाही, भाषा कशीही चालेल. माझ्या ओळखीतल्या एका सिस्टरची यादी मी तिच्यासोबत बसून केली होती, तीच उदाहरण म्हणून घेते (नाव सांगत नाही, ती अजून तिथेच नोकरी करते). 30 बेडचा मेडिसिन वॉर्ड, जीएनएम झालेली, 9 वर्षं अनुभव, शेवटची 3 वर्षं शिफ्ट इनचार्ज. तिने लिहिलं होतं ते साधारण असं:

साडेसातला हँडओव्हर. दोन मुली आल्या नाहीत, नाईटच्या एकीला थांबवलं आणि शेजारच्या वॉर्डातून एक मागितली. क्रॅश कार्ट चेक, अ‍ॅड्रेनलीन जवळच्या एक्सपायरीची होती ती बदलून आणली. राउंड. चार डिस्चार्ज निघाले. फार्मसी रिटर्न. बिलिंगला फाइल. 12 नंबरचे नातेवाईक भांडले, बिल का वाढलं म्हणून. नवीन आलेल्या दोघींना इन्फ्युजन पंप दाखवला. स्टोअरला इंडेंट. एक पेशंट बाथरूममध्ये घसरला, इन्सिडेंट फॉर्म भरला.

ती म्हणाली, "ताई, यात अ‍ॅडमिनचं काय आहे? हे तर रोजचंच." मी म्हटलं, इंजेक्शन कुठे आहे यात मला दाखव. एकही नव्हतं. तिने स्वतःहून जे आठवलं ते सगळं माणसं, वेळ, वस्तू आणि भांडणं यांच्याबद्दल होतं. इनचार्ज झाल्यावर हात आपोआप पेशंटवरून फाइलवर जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

पायरी 3: प्रत्येक कामाला चार प्रश्न

आता या यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारायचं: निर्णय कोणाचा होता? किती बेड, किती माणसं? आधी काय होतं आणि नंतर काय झालं? आणि कोणी विचारलं तर दाखवायला कागद आहे का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मॅनेजमेंटची भाषा म्हणजे अवघड इंग्रजी शब्द नव्हेत, निर्णय कोणी घेतला हे सांगणं म्हणजे मॅनेजमेंटची भाषा. दोन मुली आल्या नाहीत तेव्हा कोणाला थांबवायचं आणि कुठून माणूस आणायचा हे जर तुम्ही ठरवलं असेल तर ते "शिफ्ट स्टाफिंग" आहे. पण तुम्ही फक्त सुपरवायझरला फोन केला आणि तिने ठरवलं, तर ते स्टाफिंग नाही, ती कळवण्याची ड्युटी आहे. आणि महिन्याचं रोस्टर मेट्रन करत असेल आणि तुम्ही फक्त अदलाबदल्या लिहून देत असाल तर "मॅनपॉवर प्लॅनिंग" लिहू नका. हा शब्द मुली फार सहज टाकतात आणि इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच येतो, की लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजांसाठी धरलेला जादा स्टाफ, किती धरायचात, आणि मग गप्प.

याच पद्धतीने बाकीच्या ओळी. इंडेंट आणि क्रॅश कार्ट म्हणजे वॉर्ड स्टॉक आणि एक्सपायरी कंट्रोल. नवीन मुलींना पंप शिकवणं म्हणजे इंडक्शन ट्रेनिंग, पण फक्त दाखवलं असेल तर ट्रेनिंग, आणि नंतर करून घेऊन सही केली असेल तर कॉम्पिटन्सी असेसमेंट, हे दोन वेगळे आहेत. नातेवाईकांचं भांडण म्हणजे ग्रिव्हन्स हँडलिंग, जर ते तुमच्याकडे मिटलं असेल तर. वर पाठवलं असेल तर एस्केलेशन. घसरलेला पेशंट म्हणजे इन्सिडेंट रिपोर्टिंग.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा समरीत ठोकून दिलं होतं, "रूट कॉज अ‍ॅनालिसिस ऑफ पेशंट फॉल्स". खरं तर मी फॉर्म भरायचे आणि क्वालिटीच्या मॅडम मीटिंग घ्यायच्या, मी त्या मीटिंगमध्ये खुर्चीवर बसलेली असायचे एवढंच. पॅनेलमधल्या डॉक्टरांनी विचारलं, मग कुठली पद्धत वापरायचात, शेवटच्या एका फॉलचं कारण काय निघालं? मला "फरशी ओली होती" याच्या पुढे काही सांगता येईना. फरशी ओली का होती, त्या वेळी पुसायची वेळ का ठेवली होती, पेशंट एकटा का उठला, बेल हाताशी होती का, झोपेची गोळी चालू होती का, हे "का" एकापाठोपाठ विचारत जाणं म्हणजे आरसीए, हे मला त्या खोलीतून बाहेर आल्यावर कळलं. "फॉल इन्सिडेंट्सचं रिपोर्टिंग आणि आरसीए मीटिंगमध्ये वॉर्डकडून माहिती" असं लिहिलं असतं तर तेही चाललं असतं आणि खरंही होतं.

पायरी 4: आकडा काढणं, आणि त्यातला तुमचा वाटा वेगळा करणं

इथे जरा सावकाश जाऊया कारण बहुतेक समऱ्या इथेच पडतात. लोक लिहितात "डिस्चार्ज टाइम 40 टक्क्यांनी कमी केला". कुठून आला 40? कोणालाच माहीत नसतं.

आपल्या सिस्टरच्या वॉर्डात झालेली गोष्ट अशी. डॉक्टर राउंडला डिस्चार्ज सांगायचे आणि पेशंट संध्याकाळी जायचा, खाली इमर्जन्सीत नवीन पेशंट बेडची वाट बघत. तिने डिसेंबरमध्ये दोन गोष्टी सुरू केल्या. नाईटच्या सिस्टरने रात्रीच उद्याच्या संभाव्य डिस्चार्जची यादी करायची, आणि सकाळी आठला त्या पेशंटांची न वापरलेली औषधं फार्मसीला परत करून टाकायची, राउंड संपायची वाट न बघता. आधी काय व्हायचं, ऑर्डर झाल्यावर औषधं गोळा करायला मावशी किंवा ब्रदर शोधा, फार्मसीत रांग, एखादा रिपोर्ट राहिलेला, मग फाइल बिलिंगला. यादी असल्यामुळे राहिलेले रिपोर्टही सकाळीच कळायला लागले. थोड्या दिवसांनी मेडिकल सुपरिंटेंडेंटनी तीच यादी आरएमओंना द्यायला सांगितली, म्हणजे डिस्चार्ज समरीचा कच्चा मसुदा कन्सल्टंट यायच्या आधी तयार.

आता मोजायचं कसं? तिच्या वॉर्डच्या डिस्चार्ज रजिस्टरमध्ये तीन वेळांची नोंद होती: ऑर्डरची, फाइल बिलिंगला गेल्याची, आणि बेड रिकामा झाल्याची. तिने नोव्हेंबरचे 40 डिस्चार्ज आणि फेब्रुवारीचे 40 घेतले, सलग, निवडून नाही. निवडून घेतले की आपण नकळत चांगलेच उचलतो. आणि सरासरी काढली नाही, वेळा चढत्या क्रमाने लावून मधली घेतली, कारण एका आजोबांचा मुलगा नाशिकहून रात्री यायचा होता म्हणून ते नऊ तास बसून होते, असा एक जरी आला तरी सरासरी सगळी वाकडी होते.

ऑर्डरपासून बेड रिकामा होईपर्यंतचा वेळ तिने कॅश पेशंटांचाच बघितला, कारण इन्शुरन्सवाल्यांचा अर्धा वेळ टीपीएच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. (विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती गेल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी यायला हवी, पण ते घड्याळ विनंती पोचल्यावर सुरू होतं, वॉर्डात फाइल रेंगाळली तर त्या तीन तासांचा काही संबंध नाही.) तर कॅशवाल्यांचा मधला वेळ 5 तास 40 मिनिटांवरून 3 तास 50 मिनिटांवर आला होता. खूश झाली ती. मी पण झाले. आणि मग तिच्याच लक्षात आलं की जानेवारीत बिलिंगला दुसरा काउंटर सुरू झाला होता.

म्हणजे एकूण वेळ कमी झाला त्यात तिचा वाटा किती आणि काउंटरचा किती? हा प्रश्न समोरचा विचारणारच, ऑपरेशन्सचा माणूस असेल तर नक्कीच. म्हणून मग तिने फक्त वॉर्डचा तुकडा घेतला, ऑर्डरपासून फाइल बिलिंगला जाईपर्यंत. तो कॅश आणि इन्शुरन्स दोघांनाही सारखाच असतो, त्यामुळे सगळे 40 धरता आले. तो 2 तास 35 मिनिटांवरून 1 तास 5 मिनिटांवर आला होता. दीड तास. हा आकडा एकूण वेळेतल्या फरकापेक्षा लहान दिसतो, पण हा तिच्या वॉर्डचा आहे, यातली प्रत्येक मिनिट तिला समजावून सांगता येते, आणि काउंटरचा याच्याशी काही संबंध नाही.

रजिस्टरचे फोटो काढून घरी न्यायचे नाहीत, त्यात पेशंटची नावं असतात. तिने नर्सिंग सुपरिंटेंडेंटला सांगून वॉर्डातच बसून फक्त वेळा कागदावर उतरवल्या, ना नाव, ना आयपी नंबर. नोकरी आधीच सोडली असेल आणि रजिस्टर हाताशी नसेल तर टक्केवारी अंदाजाने ठोकू नका. बेड किती, स्टाफ किती, शिफ्ट किती वर्षं सांभाळली हे आठवणीने खरं सांगता येतं, तेवढंच सांगा, आणि काय सुरू केलं ते शब्दांत.

एक अजून, छोट्या आकड्यांचा सापळा. इन्फेक्शनचे दर खूप जण लिहितात. कॅथेटरमुळे होणाऱ्या युरिन इन्फेक्शनचा दर असा काढतात: त्या काळातली इन्फेक्शन भागिले एकूण कॅथेटर-दिवस, गुणिले 1000. समजा एका तिमाहीत 400 कॅथेटर-दिवसांत 2 इन्फेक्शन, म्हणजे दर 5. पुढच्या तिमाहीत 380 दिवसांत 1, म्हणजे साधारण 2.6. कागदावर "इन्फेक्शन रेट जवळपास निम्म्यावर" असं झकास दिसतं, पण प्रत्यक्षात फरक एका पेशंटचा आहे, आणि पुढच्या तिमाहीत तो परत येऊ शकतो. इन्फेक्शन कंट्रोलची माणसं हे वाचून हसतात. त्यापेक्षा "रोज कॅथेटरची गरज आहे का याचा चेक वॉर्डात सुरू केला" हे काम लिहा.

पायरी 5: चार ओळी

समरी साठ-ऐंशी शब्दांची, त्यापेक्षा मोठी झाली की लोक सोडून देतात. त्यात "मी" येत नाही. रिझ्युमे इंग्रजीतच जाणार, तेव्हा टाईप इंग्रजीत करा, पण आधी मराठीत मांडा असं माझं मत, कारण मराठीत खोटं बोलताना आपल्याला लगेच कळतं. "स्पिअरहेडेड" असं इंग्रजीत सहज लिहून जाईल, पण "मी या सगळ्या मोहिमेचं नेतृत्व केलं" असं मराठीत लिहिताना हात थांबतो.

आपल्या सिस्टरचा पहिला प्रयत्न:

"नऊ वर्षांचा अनुभव असलेली मेहनती आणि प्रामाणिक नर्स. पेशंट केअर, टीमवर्क आणि कम्युनिकेशनमध्ये निपुण. डिस्चार्ज प्रोसेसमध्ये मोठी सुधारणा घडवून आणली. अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये करिअर करण्याची इच्छा."

दुसऱ्या प्रयत्नात ती उलट टोकाला गेली, सगळे जड शब्द एकदम: ऑपरेशनल एक्सलन्स, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग. मी विचारलं, स्टेकहोल्डर म्हणजे कोण गं? म्हणाली, बिलिंगवाला दादा आणि फार्मसीतली मॅडम. मग तसंच लिही ना, बिलिंग आणि फार्मसी, बिलिंग हा शब्द तर जाहिरातीतच आहे.

शेवटी जे पाठवलं ते हे:

"रजिस्टर्ड नर्स, 9 वर्षं, त्यातली शेवटची 3 वर्षं 30 बेडच्या मेडिसिन वॉर्डात शिफ्ट इनचार्ज, प्रत्येक शिफ्टला 5 नर्स आणि 2 सपोर्ट स्टाफचं कामवाटप आणि ऐनवेळच्या गैरहजेरीचं नियोजन. आदल्या रात्रीची डिस्चार्ज यादी आणि सकाळचं फार्मसी रिटर्न सुरू केलं, डिस्चार्ज ऑर्डर ते फाइल बिलिंगला हा वेळ 2 तास 35 मिनिटांवरून 1 तास 5 मिनिटांवर (सलग 40-40 डिस्चार्ज). बिलिंग, फार्मसी, आरएमओ यांच्याशी रोजचा समन्वय. बिलाबद्दलच्या तक्रारी वॉर्ड पातळीवर सोडवण्याचा अनुभव. फ्लोअर कोऑर्डिनेटर पदासाठी इच्छुक."

साधंच आहे बघा. पण पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला आवाका कळतो, आणि नर्स असणं लपवलेलं नाही. काहींना वाटतं अ‍ॅडमिनला जायचंय तर नर्सिंग खाली ढकलावं, तसं करू नका, हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचं एमएचए करून थेट आलेल्या मुलामुलींपेक्षा तुमच्याकडे जास्तीचं जे आहे ते हेच, राउंडला काय बोललं जातं ते तुम्हाला कळतं. दुसऱ्या ओळीत क्रियापद "सुरू केलं" आहे, कारण यादी आणि रिटर्न खरंच तिने सुरू केलं. आरएमओंचा मसुदा तिने यात घेतलाच नाही, तो निर्णय सुपरिंटेंडेंटचा होता. तसा त्या मसुद्यामुळेही फाइल लवकर निघत असणार, हे ती इंटरव्ह्यूत विचारलं तर सांगणार आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि "सलग 40-40" हे कंसातलं छोटंसं वाक्य काढून टाकू नका, मला विचाराल तर पूर्ण समरीत मला तेच सगळ्यात जास्त आवडलं, कारण ज्याने मोजलंय तोच असं लिहितो.

कॅन्युलेशन, ट्रॅकिओस्टॉमी केअर वगैरे खाली स्किल्समध्ये एका ओळीत चालेल. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे आणि कधीपर्यंत वैध आहे हे शिक्षणाशेजारी. डिप्लोमा किंवा एमएचए चालू असेल तर "चालू, दुसरं सेमिस्टर" असं स्पष्ट, नुसतं एमएचए लिहून ठेवलं की कागदपत्रं तपासताना पंचाईत होते.

पायरी 6: पाठवायच्या आधी दोघांना वाचायला द्या

एक, हॉस्पिटलशी संबंध नसलेला माणूस, नवरा, भाऊ, शेजारचा बँकेतला काका, कोणीही. त्याला विचारा ही बाई काय काम करते. आमच्या सिस्टरच्या भावाने विचारलं होतं "फार्मसी रिटर्न म्हणजे औषधं खराब निघाली का?" एचआरलाही तेच वाटू शकतं म्हणून रिझ्युमेत खाली अनुभवाच्या भागात "न वापरलेली औषधं परत करून बिलातून वजा करणं" असं एकदा उलगडून लिहिलं.

दुसरी, त्याच वॉर्डात तुमच्यासोबत काम केलेली कोणीतरी. तिला वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा. कुठल्या वाक्याला तिच्या भुवया वर गेल्या तर ते वाक्य खाली आणा. कारण रेफरन्ससाठी फोन शेवटी तुमच्या वॉर्डातच जाणार आहे, आणि या क्षेत्रात कोणी ना कोणी कोणाला ओळखतंच.

मग प्रत्येक अर्ध्या वाक्यामागे एक मिनिटाची खरी गोष्ट तयार ठेवा. आकड्याबद्दल तर नक्की: कुठून घेतला, कुठले दिवस, मध्ये दुसरं काय बदललं. दुसरा काउंटर सुरू झाला होता हे आपण होऊन सांगितलं तरी बिघडत नाही, म्हणून तर वॉर्डचाच तुकडा मोजला, हे उत्तर ऐकून समोरचा माणूस पेन खाली ठेवतो.

तीच सिस्टर, दुसरी जागा

महिनाभराने तिला एका ठिकाणची क्वालिटी एक्झिक्युटिव्हची जाहिरात दिसली. पूर्ण समरी बदलायची गरज नव्हती. पहिली ओळ तशीच. दुसऱ्या ओळीतला डिस्चार्जचा आकडा ठेवला, पण सुरुवात फिरवली, "वॉर्ड रजिस्टरमधून डिस्चार्ज वेळेचं मोजमाप करून विलंबाची जागा शोधली" अशी, कारण क्वालिटीवाल्यांना वेळ वाचला यापेक्षा मोजला कसा यात जास्त रस. चौथ्या ओळीतून बिलाच्या तक्रारी निघाल्या आणि त्यांच्या जागी इन्सिडेंट फॉर्म, क्रॅश कार्टचा रोजचा चेक आणि हँड हायजीन ऑडिटमध्ये वॉर्डकडून सहभाग आला. "सहभाग" हा शब्द तिने स्वतःच घातला, मी "ऑडिट केलं" लिहिलं होतं ते खोडून.